यादीच्या आधी दोन टिंबे, शेवटी किती?

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत वाढलेल्या माणसाला वाक्य संपवण्याच्या दोन पद्धती लहानपणापासून ठाऊक असतात. शाळेच्या पुस्तकात आणि तहसीलच्या कागदावर वाक्याच्या शेवटी उभा दंड येतो. घरच्या लग्नपत्रिकेत आणि नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रात टिंब येते. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, कामकाज भोपाळकडे गेले, घरातली भाषा मात्र मराठीच राहिली. २०२३ मध्ये या भागाचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे. आणि आता पुण्या-बंगळुरूत नोकरीला गेलेली आपली मुले तिसऱ्याच भाषेत, म्हणजे इंग्रजीत, दिवसाला दोन अहवाल लिहितात.

माझा पोटापाण्याचा उद्योग दुसऱ्यांचे अहवाल छपाईआधी वाचण्याचा. त्यामुळे गावाकडच्या मुलांना शालेय मदत देणारा आमच्या काही कुटुंबांचा जो छोटा गट आहे, त्याचा वार्षिक अहवाल दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतो. तो मराठीत लिहिला जातो, मग त्याची हिंदी आणि इंग्रजी प्रत निघते. गेली दोन वर्षे हे काम माझा भाचा करतो. त्याचा ठरलेला फोन येतो, "मावशी, प्रत्येक ओळीनंतर टिंब द्यायचं का फक्त शेवटच्या? आणि यादीच्या आधी ते दोन टिंब पाहिजेच का?"

दोन टिंबे म्हणजे अपूर्णविराम. नावातच त्याचे काम सांगितले आहे : बोलणे अजून पुरे झालेले नाही, पुढे काही यायचे आहे. मराठीतली बहुतेक विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या वळणाने आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्याआधीच्या मोडी कागदांत तर दोन शब्दांमध्येही जागा सोडत नसत. वाक्य कुठे संपले ते वाचणाऱ्याने ओळखायचे. ठिपके देऊन केलेली यादी ही त्याहूनही अलीकडची, टंकलेखन यंत्र मागे पडून संगणक आल्यावर सर्रास झालेली गोष्ट. त्यामुळे शाळेच्या व्याकरणात तिचा नियम सापडत नाही. भाच्याला मी नियम सांगत नाही, एक प्रश्न विचारते : ही यादी कोणत्या वाक्यात उभी आहे आणि ते वाक्य कुठे संपते? त्याचे उत्तर मिळाले की टिंबांचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

हे नुसते नीटनेटकेपणाचे प्रकरण नाही, हे मागच्या वर्षीच्या अहवालाने दाखवले. अहवालाच्या शेवटी, पुढच्या वर्षीच्या मदतीसाठी अर्ज कसा करायचा याची यादी होती. माझ्याकडे यायच्या आधीच ती वेगळी काढून गावोगावी वाटली गेली होती. ती अशी :

अर्जासोबत खालील कागदपत्रे जोडावीत :-
• गुणपत्रिका.
• मूल निवासी प्रमाणपत्र
• उत्पन्नाचा दाखला किंवा
• शिधापत्रिका,
• बँक पासबुकाची प्रत, स्वसाक्षांकित.

सौंसरजवळच्या एका गावातल्या आईने ही यादी वाचून पाच कागद मोजले. शिधापत्रिका घरात होती, उत्पन्नाचा दाखला नव्हता. त्यासाठी ती लोक सेवा केंद्रात दोनदा जाऊन आली, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. पांढुर्ण्याच्या एका मुलाने उलट वाचले. "किंवा" हा शब्द ओळीच्या टोकाला एकटा लोंबत होता. त्याला वाटले, पहिले तीन कागद तरी द्या, नाहीतर शेवटचे दोन द्या. त्याने शिधापत्रिका आणि पासबुक एवढेच पाठवले. अर्ज अपुरा म्हणून परत आला आणि मुदत संपून गेली. शेवटच्या ओळीतला "स्वसाक्षांकित" हा शब्द फक्त पासबुकासाठी आहे की सगळ्या कागदांसाठी, यावर तर कुणाचेच एकमत नव्हते.

दोघांपैकी कुणीही वाचताना चूक केलेली नाही. त्या कागदावर जे होते त्याचे दोन्ही अर्थ निघतात. गुणपत्रिकेनंतर टिंब आहे, म्हणजे वाक्य तिथे संपले असे दिसते. निवासी प्रमाणपत्रानंतर काहीच नाही. शिधापत्रिकेनंतर स्वल्पविराम आहे, म्हणजे वाक्य चालूच आहे. पाच ओळींत तीन पद्धती झाल्या, आणि "किंवा" नेमका कुठून कुठे पोहोचतो हे दाखवणारे चिन्हच उरले नाही.

आम्ही ती यादी अशी केली :

अर्जासोबत पुढील चार कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्यात :
• गुणपत्रिका
• मूल निवासी प्रमाणपत्र
• उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका, दोन्हींपैकी एक
• बँक पासबुकाचे पहिले पान

बदल किती लहान आहेत पाहा. सर्वांना लागू असलेली अट, म्हणजे स्वसाक्षांकन, शेवटच्या ओळीतून काढून आधीच्या वाक्यात नेली. यादीच्या शेपटाला लटकवलेली अट नेहमीच संशय निर्माण करते. तिथे कुठलेही चिन्ह दिले तरी तो संशय जात नाही, अटच हलवावी लागते. "किंवा"च्या दोन्ही बाजू एकाच ठिपक्याखाली आणल्या. आणि वरच्या वाक्यात "चार" हा आकडा घातला, म्हणजे वाचणारा स्वतःच मोजून ताळा करतो. ठिपके चार, आकडा चार.

ओळींच्या शेवटी टिंब नाही, कारण "गुणपत्रिका" हे वाक्य नाही, नुसते नाव आहे. काही जण शेवटच्या ओळीनंतर एक टिंब देतात, यादी संपली हे सांगायला. मला त्याची गरज वाटत नाही, कारण पुढची मोकळी जागा तेच सांगते. पण तो आवडीचा भाग आहे. पहिल्या पानावर एक आणि सातव्या पानावर दुसरे, असे मात्र करू नये.

आता अहवालाच्या मुख्य भागाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती खास मराठीची आहे. भाचा ऑफिसात इंग्रजी अहवाल लिहितो. तिथे अर्धे वाक्य वर लिहून ते प्रत्येक ठिपक्यात पुरे करायची पद्धत आहे. तीच त्याने मराठीत आणली :

या वर्षी समितीने :
• चार शाळांत वह्या वाटल्या
• गोटमारीच्या दिवशी प्रथमोपचाराचे टेबल चालवले
• पालकसभांसाठी तीन गावांत गेली
• जूनपासून वाचनालय सुरू करणार आहे

दिसायला छान दिसते. पण वरचे तीन शब्द प्रत्येक ओळीला जोडून मोठ्याने वाचा. "समितीने वह्या वाटल्या", बरोबर. "समितीने टेबल चालवले", बरोबर. "समितीने गेली"? घरातली आजीसुद्धा हसेल. "समितीने सुरू करणार आहे"? तेही नाही. इंग्रजीत कर्ता तसाच राहतो, म्हणून तो एकदा वर लिहून मोकळे होता येते. मराठीत "ने" लागतो तो क्रियापद बघून. वाटणे, चालवणे यांचा भूतकाळ असेल तर "समितीने", जाणे-येणे असेल किंवा पुढे करायचे काम असेल तर नुसती "समिती". क्रियापद ओळीच्या शेवटी येते, आणि कर्त्याचे रूप मात्र आधीच वर छापून झालेले असते. त्यामुळे अर्धवट वाक्य वर ठेवून केलेली यादी मराठीत फार लवकर फुटते. हिंदीतही "समिति ने" आणि "समिति"चे तेच भांडण आहे, म्हणून हिंदी प्रतीतही ती तशीच फुटली होती.

उपाय दोन. एक तर वरचे वाक्य पुरे करा, "समितीची या वर्षातील कामे पुढीलप्रमाणे :" असे, आणि खाली नावे द्या : चार शाळांत वह्यावाटप, गोटमारीच्या दिवशी प्रथमोपचार, तीन गावांत पालकसभा. ओळींना टिंब नको. वाचनालय या यादीतून बाहेर काढा, कारण ते झालेले काम नाही, ठरवलेले आहे. ते एकाच यादीत मिसळल्यामुळेच क्रियापद अडखळले होते. व्याकरण अडले की मजकुरातली सरमिसळ उघडी पडते, हा माझा नेहमीचा अनुभव. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक ठिपक्याखाली पुरे वाक्य लिहा : "समितीने चार शाळांत वह्या वाटल्या." मग प्रत्येक ओळीला टिंब हवेच, एकही ओळ त्याविना नको. ठिपक्याखाली दोन वाक्ये येणार असतील, आकडे किंवा खर्च सांगायचा असेल, तर हाच मार्ग बरा.

आणखी एक जुनी पद्धत तुम्ही सरकारी कागदांत पाहिली असेल. आधी यादी, आणि क्रियापद सगळ्यांच्या खाली : "वह्यावाटप, प्रथमोपचार आणि पालकसभा ही कामे समितीने केली." एका ओळीत हे उत्तम मराठी आहे. पण तेच ठिपके देऊन उभे मांडले आणि मध्ये पान उलटले, तर वाचणाऱ्याला या कामांचे काय झाले ते पुढच्या पानावर कळते. असे करायचेच असेल तर प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम द्या आणि पूर्णविराम फक्त त्या शेवटच्या क्रियापदानंतर, कारण वाक्य तिथे संपते. तीनच गोष्टी असतील तर मी ठिपके काढून टाकते आणि साधे वाक्य लिहिते. त्या वाक्यात अपूर्णविरामही घालू नये. "समितीने : वह्या, दप्तरे आणि पेन दिले" यातली दोन टिंबे वाक्याचा गळा मधेच आवळतात.

प्रत्येक ओळीनंतर अर्धविराम आणि शेवटून दुसऱ्या ओळीला "आणि" ही पद्धत कायद्याच्या मसुद्यातून आली आहे. तिथे ती कशासाठी आहे ते आपल्या राज्यघटनेत दिसते. कलम १९ (१) मध्ये नागरिकांची स्वातंत्र्ये अशीच यादी करून दिली आहेत. वर अर्धे वाक्य, खाली लहान अक्षराने सुरू होणारी उपकलमे, मध्ये अर्धविराम आणि शेवटच्या दोहोंमध्ये "आणि". पूर्वी त्या यादीत मालमत्ता बाळगण्याचे उपकलम शेवटून दुसरे होते आणि "आणि" हा शब्द त्याच्याच टोकाला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते उपकलम काढले. त्याबरोबर "आणि"सुद्धा गेला. म्हणून त्याच दुरुस्तीत, आधीच्या उपकलमाच्या शेवटी "आणि" हा शब्द घालावा, असे वेगळे लिहावे लागले. एका उभयान्वयी अव्ययासाठी घटनादुरुस्तीत ओळ! पण ते बरोबरच होते, कारण कायद्यात "आणि" की "किंवा" यावर निकाल फिरतात. मदतीच्या अटींसारखा मजकूर असेल तर ही पद्धत जरूर वापरावी. वह्या आणि दप्तरांच्या यादीत ती ओझे होते, आणि पुढच्या वर्षी कुणी एक ओळ वाढवली की तो "आणि" हमखास चुकीच्या जागी राहतो.

इंग्रजी प्रतीत या सगळ्यावर मोठ्या अक्षरांची भर पडते. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही, म्हणून आपल्याला त्याची सवय नाही, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनाही यादीपुरते ते कुणी शिकवलेले नसते. तिथे एकच जागतिक नियम नाही, हे आधी मान्य करा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या लेखनपद्धतीत यादीची ओळ लहान अक्षराने सुरू होते आणि तिच्या शेवटी ना अर्धविराम ना पूर्णविराम. मायक्रोसॉफ्टची लेखनपद्धती प्रत्येक ओळ मोठ्या अक्षराने सुरू करायला सांगते आणि पूर्णविराम पुऱ्या वाक्यांनाच देते. शिकागोची प्रसिद्ध नियमावली ओळी पुरी वाक्ये आहेत का ते पाहते : असतील तर मोठे अक्षर आणि पूर्णविराम, नसतील तर दोन्हींची सक्ती नाही. तीच नियमावली अपूर्णविरामाच्या आधीचे वाक्य स्वतःच्या पायावर उभे असावे असेही सांगते. भाच्याच्या कंपनीची जी पद्धत असेल ती तिथे पाळावी. आमच्या अहवालासाठी आम्ही शिकागोच्या जवळची निवडली, कारण ती मराठी प्रतीशी जुळते : नावांची यादी लहान अक्षराने आणि टिंबाविना, वाक्यांची यादी मोठ्या अक्षराने आणि टिंबासह. पांढुर्णा, सौंसर ही नावे अर्थात कुठेही आली तरी मोठ्या अक्षरानेच.

मागच्या वर्षी तरीही इंग्रजी प्रतीत एकाच यादीत तीन ओळी मोठ्या अक्षराने आणि दोन लहान अक्षराने निघाल्या. भाचा म्हणाला, मी सगळ्या लहानच लिहिल्या होत्या. तो खरे बोलत होता. वर्ड टाइप करताना ओळीचे पहिले अक्षर आपल्या मनाने मोठे करतो, पण दुसरीकडून चिकटवलेला मजकूर तसाच सोडतो. म्हणून यादीत असे अर्धे-अर्धे दिसले की समजावे, काही ओळी टाइप केल्या आहेत आणि काही चिकटवल्या आहेत. File > Options > Proofing > AutoCorrect Options इथे जाऊन "Capitalize first letter of sentences" समोरची खूण काढली की ही ढवळाढवळ थांबते.

मराठी-हिंदी प्रतीत संगणकाची खोड वेगळी आहे आणि ती डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. अपूर्णविराम आणि विसर्ग, दोन्ही दोन टिंबेच. पण संगणकासाठी विसर्ग (U+0903) हा अक्षराला चिकटणारा उच्चार आहे आणि अपूर्णविराम (U+003A) हे स्वतंत्र चिन्ह. इनस्क्रिप्ट कळफलकावर अपूर्णविरामाच्या नेहमीच्या कळीवर च आणि छ बसले आहेत, आणि विसर्ग Shift धरून - ही कळ दाबली की लगेच मिळतो. मग घाईत "पुढीलप्रमाणेः" असे विसर्ग लावून लिहिले जाते. छापल्यावर कुणाला कळत नाही. पण दृष्टिहीन वाचक संगणकाकडून तो अहवाल वाचून घेत असेल तर त्याला यादीआधीचा थांबा मिळत नाही, शेवटी "ह" मिळतो. उलटा प्रकारही भरपूर चालतो : "दुःख" या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम घातलेला असतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. चिन्हाच्या आधी एक मोकळी जागा सोडा. अपूर्णविराम असेल तर तो शांतपणे बाजूला सरकतो. विसर्ग असेल तर बहुतेक फाँटमध्ये त्याच्या आधी ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते, कारण त्याला चिकटायला अक्षर उरलेले नसते. मराठी छपाईत अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडायची पद्धत आहेच. तो विसर्गासारखा वाचला जाऊ नये, हा तिचा मोठा फायदा. इंग्रजी प्रतीत मात्र ती जागा सोडू नका, तिथे तो शब्दाला लागूनच येतो. अपूर्णविरामापुढे आडवी रेघ जोडायची सवय (":-") आपल्याकडे कचेरीच्या हिंदीतून आणि जुन्या मराठी पत्रांतूनही आली आहे. ती चूक म्हणता येणार नाही, पण जे काम दोन टिंबांनी झाले तेच रेघ पुन्हा करते. मी ती काढते. आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका ती परत घालतात. त्यांच्या पत्रांत ती राहू द्यावी, असे आमचे ठरले आहे.

हिंदी प्रत करताना एवढेच लक्षात ठेवायचे : मराठीत ज्या ओळीला टिंब होते तिथे दंड येईल, ज्या ओळीला नव्हते तिथे दंडही येणार नाही. नावांच्या यादीत "अंकसूची।", "राशन कार्ड।" असे दंड उभे केले की प्रत्येक कागद स्वतंत्र हुकूम वाटायला लागतो. आणि ही अदलाबदल संगणकाला एका झटक्यात करायला सांगू नये. भाच्याने यंदा वेळ वाचवायला सगळी टिंबे एकदम दंडांत बदलली, तेव्हा "डॉ." चे "डॉ।" झाले, "रु." चे "रु।" झाले, आणि दहावीला ८५.५ टक्के मिळवलेल्या मुलीपुढे ८५।५ असे छापायला गेले. मुद्रकाने फोन करून विचारले, "ताई, हे पंच्याऐंशी भागिले पाच आहे का?" आता तो शोधताना टिंबानंतर ओळ संपते अशाच जागा शोधतो, आणि उरलेली टिंबे एकेक बघून बदलतो. बारा पानांच्या अहवालाला त्याला साधारण अर्धा तास लागतो.